एकटीने वल्हवलेली होडी

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आमच्या धंद्यातला गॅदरिंगचा हंगाम. चाकणची एमआयडीसी पसरत गेली तशा महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात शाळाही वाढल्या आणि बहुतेकांची स्नेहसंमेलनं याच तीन महिन्यांत येतात. संध्याकाळी स्टेजसमोर उभं राहायचं, सकाळी दुकान उघडून फोटो निवडायचे. शाळेला तिचे फोटो पोचले आणि वर्गाच्या ग्रुपवर फिरले, की चार दिवसांत दुकानात पालक येऊ लागतात. मोबाइल पुढे करतात, गर्दीतल्या एका ठिपक्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "दादा, यातली आमचीच फक्त काढून द्या. बाकीची पोरं नको."

ऐकायला याहून सोपं काम नाही. क्रॉपची चौकट ओढायची, एंटर दाबायचं, प्रिंट काढायची. पण गॅदरिंगच्या कामात मी सगळ्यात जास्त वेळ कुठे घालवत असेन, तर या चौकटीच्या चार कडा कुठे थांबवायच्या हे ठरवण्यात. फोटो निवडणं आणि रंग दुरुस्त करणं त्या मानाने लवकर उरकतं.

आधी हा फोटो कुणाला हवा असतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. गॅदरिंग बहुधा संध्याकाळी पाच-सहाला सुरू होतं. ज्यांची सेकंड शिफ्ट असते त्यांना ते दिसतच नाही. ज्यांची फर्स्ट शिफ्ट सुटलेली असते त्यातले काही चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या मागे अडकून पडतात. आई येते, पण ती मागच्या खुर्च्यांवर, आणि तिच्या मोबाइलमध्ये पुढच्यांची डोकी आणि वर धरलेले दुसऱ्यांचे मोबाइल यांच्या फटीतून दिसणारा थोडासा उजेड एवढंच उतरतं. म्हणून ती माझ्याकडे येते. आणि फोटो भिंतीवर लागतो तो इथल्या भाड्याच्या खोलीत कमीच, जास्त करून गावाकडे. वाशीमला, बीडला, लातूरला, कधी पार बिहारला. तिथे आजी-आजोबा असतात. त्यांनी शाळा, स्टेज, नाच यातलं काहीच पाहिलेलं नसतं.

आईने तो नाच पाहिलेला असतो. मुलीला घट्ट कापून एकटी दाखवली तरी आईला बाकीचं सगळं आठवणीतून दिसतं. आजीकडे फक्त कागद असतो. फोटो मागायला आई येते, पण चौकट ओढताना मी आजीच्या डोळ्यांनी बघतो.

एक फोटो घेऊन नीटच सांगतो. दुसरीच्या मुलींचं कोळीनृत्य. स्टेज तीस फूट रुंद, त्यावर बावीस मुली, पुढच्या रांगेत आठ आणि मागे सात-सात, पुढच्यांच्या मधल्या खिडक्यांमधून दिसतील अशा उभ्या. ड्रेपरीवाल्याकडून आणलेली हिरवी-लाल लुगडी, केसांत कागदी गजरे. कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो सहा हजार पिक्सेल रुंद आणि चार हजार उंच. मी मधल्या वाटेवर स्टुलावर उभा होतो आणि स्टेजची पूर्ण रुंदी चौकटीत बसवली होती. पुढच्या रांगेत उजवीकडून तिसरी जी मुलगी, तिची आई दुकानात आली. ही मंडळी वाशीमकडची. नवरा एका कारखान्यात कंत्राटावर, गॅदरिंगच्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली नाही. आईला आठ बाय बाराची फ्रेम हवी होती, फक्त मुलीची, सासूसाठी.

आता थोडं गणित, पण ते एकदा समजलं की पुढचं सोपं आहे. तीस फुटांचं स्टेज सहा हजार पिक्सेलमध्ये, म्हणजे एका फुटाला दोनशे पिक्सेल. सात वर्षांची पोर साधारण चार फूट उंच, म्हणजे आठशे पिक्सेल. चेहरा आठ इंच धरला तर एकशे तीस पिक्सेलच्या आसपास. चांगल्या प्रिंटला इंचाला तीनशे ठिपके लागतात, भिंतीवर लावायच्या आणि हातभर अंतरावरून बघायच्या फोटोला दीडशेही चालून जातात. आठ बाय बाराच्या उभ्या कागदावर ही पोर वर-खाली जागा न सोडता डोक्यापासून पायापर्यंत बसवली तर इंचाला सत्तर ठिपकेसुद्धा पडत नाहीत. शिवाय संध्याकाळचा अपुरा उजेड, त्यामुळे आयएसओ बत्तीसशे ठेवलेला. पूर्ण फोटोत न दिसणारे दाणे एका मुलीच्या गालावर रव्यासारखे दिसायला लागतात.

पालक मोबाइलवरून स्वतः कापून आणतात ते तर विचारूच नका. व्हॉट्सॲपने साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांबीला साधारण सोळाशे पिक्सेलवर येतो. त्यात हीच मुलगी दोनशे पिक्सेलच्या आसपास आणि चेहरा पस्तीस. ते मोठं करून द्या म्हणतात. मी मूळ फाइल शोधतो.

ठिपक्यांची तूट पालकांना समजावता येते. एक प्रिंट काढून हातात दिली की "फाटलाय" असं तेच म्हणतात. दुसरी तूट प्रिंटमध्ये फाटल्यासारखी दिसत नाही, म्हणून ती कळायला उशीर होतो. या फोटोत ती तीन ठिकाणी होती.

पहिली नजरेत. बालवाडीपासून तिसरीपर्यंतचं कुठलंही गॅदरिंग बघा, मुलं प्रेक्षकांकडे बघत नाहीत. ती बाईंकडे बघतात. स्टेजच्या खाली, एका कोपऱ्यात, स्पीकरच्या आडोशाला बाई वाकून उभ्या असतात आणि सगळा नाच स्वतः करून दाखवत असतात. या फोटोत बाई डावीकडे खाली होत्या, माझ्या चौकटीबाहेर. त्यामुळे आठही मुलींचे डोळे खाली डावीकडे. पूर्ण फोटो बघणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. आठ जणी एकाच जागी बघतायत म्हणजे तिथे कुणीतरी आहे, एवढं डोकं आपोआप लावतं. पण त्यातली एकच कापून काढा. आता एक लहान मुलगी मान किंचित खाली घालून, ओठ मिटून, कोपऱ्यात काहीतरी बघतेय. ती घाबरलेली दिसते किंवा रुसलेली, आणि प्रत्यक्षात ती यातलं काहीच नव्हती. ती पुढची स्टेप चुकू नये म्हणून लक्ष देत होती.

दुसरी हातांत. गाण्याच्या त्या ओळीला मुली होडी वल्हवत होत्या. हातात वल्हं नव्हतं, नुसत्या मुठी. दोन्ही मुठी एकावर एक, कमरेच्या उजव्या अंगाला, कोपरं मागे खेचलेली. रांगेतल्या सगळ्यांच्या मुठी एकाच बाजूला आणि एकाच उंचीवर आल्या की होडी दिसते. एकटीच्या मुठी म्हणजे नुसत्या आवळलेल्या मुठी.

तिसरी रंगात. स्टेजवाल्याने दोन्ही बाजूंना एलईडीचे पार लाइट लावले होते आणि त्या क्षणी ते गुलाबीवर होते. पूर्ण स्टेज गुलाबी, मागचा पडदा गुलाबी, सगळ्या मुली गुलाबी. डोळा ते स्टेजचा उजेड म्हणून स्वीकारतो. पण नुसता चेहरा कापला की उजेड कुठून आलाय हे सांगणारं काही उरत नाही आणि पोरीला ताप चढल्यासारखा दिसतो. रंग दुरुस्त करता येतो असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं, पण रंगीत एलईडीखाली एक अडचण असते. लाल रंगाची पातळी चेहऱ्याच्या उजळ भागात वरच्या टोकाला जाऊन अडकलेली असते. तिथे गालाची गोलाई नोंदलीच गेलेली नसते, त्यामुळे लाल कमी केला तर गाल मातकट होतो, गोल होत नाही. काळा-पांढरा केला आणि हिरव्या रंगाच्या नोंदीतून प्रकाश घेतला तर चेहरा सुंदर निघतो. पण गॅदरिंगचा काळा-पांढरा फोटो नेणारा पालक मला अजून भेटायचा आहे. एवढं ड्रेपरीचं भाडं भरून लुगड्याचा हिरवा रंग कोण सोडेल?

या तिन्हींचं दुखणं एकच. मुलीच्या अंगावर जे दिसतंय त्याचं कारण तिच्या बाहेर आहे. नजरेचं कारण बाई, मुठींचं कारण बाकीच्या सात जणी, रंगाचं कारण उजेड. चौकट ओढताना मी हेच शोधतो: मुलीवर काय उमटलंय आणि ते कुणामुळे उमटलंय. मग दोनच रस्ते उरतात. कारण चौकटीत ठेवायचं, नाहीतर परिणामही चौकटीबाहेर घालवायचा. कारण कापलं आणि परिणाम ठेवला की फोटो खोटं बोलायला लागतो, तेही कुणी खोटं बोलायचं ठरवलेलं नसताना.

परिणाम घालवण्याचा रस्ता मी आधी बघितला, कारण आईला एकटीच हवी होती. छातीपर्यंत घट्ट कापलं तर मुठी जातात. एक फूट रुंद आणि दीड फूट उंच चौकट, दोनशे बाय तीनशे पिक्सेल. चार बाय सहाच्या लहान प्रिंटवरही इंचाला पन्नासच ठिपके. आणि नजर तर राहिलीच, उलट चेहरा मोठा झाल्यावर ती जास्त टोचायला लागली. अशा वेळी मी त्याच फोटोच्या अलीकडचे-पलीकडचे फोटो काढून बसतो. नाच चालू असताना मी एका दमात पाच-सहा फोटो घेतो, त्यात एखाद्या क्षणी मूल समोर बघतं, विशेषतः टाळ्या पडल्या की. इथे तसं झालं नव्हतं. एकात हात चेहऱ्यावरून जात होता, एकात शेजारणीचा गजरा मध्ये आला होता.

मग मधला रस्ता, म्हणजे पालकांच्या मनात असतो तोच. डोक्यापासून पायापर्यंत एकटी, उभी चौकट, आठशे बाय बाराशे. रुंदी चार फूट. पण आठ मुली साडेचोवीस फुटांत उभ्या म्हणजे दोघींच्या मध्ये साडेतीन फूट, आणि मुठी, कोपरं बाहेर काढलेली. त्यामुळे या चौकटीत एका बाजूने शेजारणीची मूठ मनगटापासून आत येते, दुसऱ्या बाजूने दुसरीचं कोपर. मागच्या रांगेतल्या दोघींचे अर्धे-अर्धे चेहरे दोन्ही कडांवर, एकेक डोळा घेऊन. ना धड एकटी, ना धड रांग. माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट क्रॉप हाच असतो. नजर, मुठी, रंग सगळे परिणाम आत, आणि कारणांपैकी फक्त तुकडे. ते तुकडे कारण सांगत नाहीत, नुसता कचरा वाटतात. मग पालक म्हणतात तो हात खोडून टाका, आणि हात खोडला की होडीचा शेवटचा धागाही गेला.

या मधल्या क्रॉपची परीक्षा घ्यायची माझी एक साधी रीत आहे. जो माणूस गॅदरिंगला नव्हता त्याला दाखवायचं आणि एकच विचारायचं. दुकानात लॅमिनेशन आणि फ्रेमा बसवणारा मुलगा आहे. त्याला बोलावलं आणि विचारलं, "ही काय करतेय?"

त्याने बघितलं. "भांडायला उभी राहिलीय."

"नीट बघ."

"मग पोटात दुखतंय का तिच्या?"

प्रिंटवर करायचं असेल तर जुन्या डार्करूमवाल्यांची पद्धत अजून चालते. काळ्या पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे कापायचे, ते उलटसुलट एकमेकांवर ठेवले की मध्ये चौकोन तयार होतो, तो लहान-मोठा करत फोटोवर सरकवायचा. संगणकावर क्रॉपची चौकट ओढताना बाहेरचा भाग नुसता अंधूक होतो, पूर्ण जात नाही. त्यामुळे आपण नकळत बाहेरचं वाचत राहतो आणि आतलं समजतंय असं वाटतं. पुठ्ठ्याखाली बाहेरचं खरंच नाहीसं होतं. स्क्रीनवर मी चौकट बसवून झाल्यावर एकदा क्रॉप पक्का करतो, मागची पाटी कोरी पांढरी करतो आणि मगच त्या मुलाला हाक मारतो.

शेवटी आडवी चौकट घेतली. नऊ फूट रुंद, सहा फूट उंच, म्हणजे अठराशे बाय बाराशे पिक्सेल. मुलगी मध्ये, तिच्या दोन्ही बाजूंच्या दोघी पूर्ण, मुठींसकट आणि पायांसकट, मागच्या खिडक्यांतून दोन अख्खे चेहरे. बाई अजूनही चौकटीबाहेरच होत्या, त्यांना आत घ्यायला मूळ फोटोतही जागा नव्हती. पण तिघींचे डोळे एकाच दिशेला लागले की बाई असल्याचं कळतं, त्या दिसायची गरज उरत नाही. दोघींनी भागेल का, हेही करून बघितलं. दोघी एका दिशेला बघतायत हा योगायोग वाटू शकतो. एकमेकींशी बिनसलंय असंही वाटू शकतं. तिसरी आली की दिशा तयार होते. मुठींचंही तसंच. दोन जोड्या मुठी म्हणजे जुळवाजुळव, तीन म्हणजे नाच. आणि गुलाबी रंग तिघींवर, पाठच्या पडद्यावर सारखा पडलेला दिसला की तापाची शंका जाते.

मुलाला पुन्हा बोलावलं. "कोळीगीत," तो म्हणाला. "वल्हं मारतायत." आणि वर, "मधल्या पोरीची ऑर्डर आहे का?" मधली कोण हे त्याला न सांगता कळलं होतं, हे माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

यात ठिपक्यांचा हिशोबही आपल्या बाजूने फिरतो, हे मात्र नवशिक्यांना पटवून द्यावं लागतं. चौकट मोठी केली की मूल लहान होणार आणि फोटो बिघडणार असं वाटतं. मूल कागदावर लहान होतं हे खरं. पण कागदाच्या इंचात पडणारे ठिपके वाढतात. हीच तिघींची चौकट आठ बाय बाराच्या आडव्या कागदावर इंचाला दीडशे ठिपके देते, आणि सहा बाय चारच्या लहान प्रिंटला पूर्ण तीनशे. मधल्या मुलीचा चेहरा फ्रेममध्ये पाऊण इंचापेक्षा थोडा मोठा, पण दाणे न फुटलेला. एकटीचा कापला असता तर चेहरा दोन इंच झाला असता आणि नाक कुठे संपतं ते कळलं नसतं.

आईला दोन्ही प्रिंट लहान आकारात काढून दाखवल्या. तिने एकटीची आधी उचलली, मग तिघींची, मग पुन्हा एकटीची. "भाऊ, यात रडवेली दिसते हो," ती म्हणाली. नवऱ्याला फोन लावून दोन्हींचे फोटो पाठवले. त्याने तिघींचा सांगितला. कारण विचारलं नाही. गावाहून परत आल्यावर तिने सांगितलं की सासूबाई पहिल्यांदा काय म्हणाल्या तर, "या बाकीच्या दोघी कोणाच्या?" मग एक-एक करत वर्गातल्या मैत्रिणींची नावं सांगून झाली.

क्रॉपने नजरेचा अर्थ कसा बदलतो याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण लहान मुलाचं नाही, पण तेही एका व्यासपीठावरचंच आहे. ५ मार्च १९६० रोजी हवानामध्ये, ला कुब्र या जहाजाच्या स्फोटात मेलेल्यांसाठी शोकसभा होती. आल्बेर्तो कोर्डा हा छायाचित्रकार खाली उभा राहून व्यासपीठावरच्यांचे फोटो काढत होता, आणि त्यात चे गेवारा क्षणभर पुढे आला. मूळ फोटो आडवा आहे. एका बाजूला दुसऱ्या एका माणसाचा बाजूने दिसणारा चेहरा, दुसऱ्या बाजूला पामच्या झावळ्या. त्या वेळी वर्तमानपत्राने तो फोटो घेतला नाही. कोर्डाने दोन्ही बाजू कापल्या आणि आपल्या स्टुडिओच्या भिंतीवर लावला. पुढे तोच टी-शर्टांवर जगभर गेला. मूळ फोटोत तो एका सभेतला, समोरच्या गर्दीकडे बघणारा माणूस आहे. कापलेल्या फोटोत समोर गर्दी आहे याची खूणच नाही, त्यामुळे तो भविष्याकडे बघतोय असं लोकांना वाटतं. कोर्डाचा क्रॉप वाईट आहे असं मी म्हणणार नाही, चित्र म्हणून तो अप्रतिमच आहे. पण त्याला एक पुतळा हवा होता, आणि आमच्या गिऱ्हाइकाला आपली पोरगी हवी असते.

पुतळे इथेही लागतात म्हणा. मे-जूनमध्ये प्रवेशाचे फ्लेक्स लागतात. मागे एका शाळेने, नाव घेत नाही, मी काढलेल्या एका फोटोतला मुलगा फ्लेक्ससाठी कापून घेतला होता. आगगाडीचा नाच होता, मुलं एकामागे एक, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. फ्लेक्सवाल्याने मधला एक मुलगा उचलला, मागच्याचे हात खोडले आणि निळ्या ढगांवर ठेवला. खांद्यावर जिथे बोटं होती तिथे कापड आत दबलेलंच राहिलं, आणि मुलाचे स्वतःचे दोन्ही हात पुढे हवेत. झोपेत चालणाऱ्यासारखा दिसत होता. खाली उज्ज्वल भविष्याचं काहीतरी लिहिलं होतं. त्याच्या वडिलांना हे चौकात सिग्नलला थांबल्यावर कळलं.

घरच्या फ्रेमसाठी कापणं आणि हे कापणं यांत मी फरक करतो. घरच्या फोटोत पोर कोण हे बघणाऱ्याला माहीत असतं, त्याला फक्त ती काय करत होती ते कळायला हवं. फ्लेक्सवर मुलगा कोण याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, तिथे तो कुठलाही मुलगा होतो, म्हणून त्याच्या आईवडिलांचं हो घेणं जास्तच गरजेचं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. ही गोष्ट तिघींच्या चौकटीलाही थोडी लागू होते, हे मान्य करावं लागेल. एकटीची प्रिंट दिली तर एका घरात एकाच घरची मुलगी जाते. तिघींची दिली तर दुसऱ्या दोन घरच्या मुली वाशीमच्या भिंतीवर जातात. मी प्रिंट देतो, कागदावर जाते तिथवर शेजारणींच्या आयांना बहुधा आनंदच असतो, पण मोठी फाइल मागितली तर आधी त्यांना विचारून या म्हणतो. काही जण चिडतात. विचारून आलेल्यांपैकी बरेच जण दोन नव्या ऑर्डर घेऊन येतात, हा भाग वेगळा.

तशीच या फोटोची पुढची ऑर्डर आली, त्याच रांगेतल्या उजव्या टोकाच्या मुलीची. तिची गोष्ट पहिलीच्या उलट निघाली. सात जणींच्या मुठी कमरेच्या उजव्या अंगाला होत्या, हिच्या एकटीच्या डाव्या. टोकाला असल्यामुळे बाई तिला सगळ्यात लांब पडत होत्या, आणि आरशासारखं करून दाखवताना त्या उजवं-डावं उलटं करतात ते हिच्या लक्षात राहिलं नसावं. पूर्ण फोटोत ही चूक सहज सापडते. तिघींची चौकट घेतली तर आणखी ठळक, कारण दोन बरोबर आणि एक उलट. एकटीची घेतली तर चूक पूर्ण नाहीशी. शेजारीणच नाही तर उलट कुणाच्या?

म्हणजे इथे संदर्भ कापणं हा मुलीवर उपकार. असा क्रॉप मी देतो का? घरासाठी मागितला तर देतो, मनात काही न आणता. सात वर्षांच्या पोरीची उलटी वल्ही आयुष्यभर भिंतीवर असावीत असा काही नियम नाही. शाळेच्या वार्षिक अंकात कोळीनृत्य म्हणून छापायचा असता तर मी पूर्ण रांगेचाच दिला असता, कारण तिथे नाच कसा झाला हे सांगायचं असतं. पण ठरवायचं आईने, आणि ठरवायला तिला दोन्ही दिसायला हवेत. मी चूक दाखवून दिली नाही, नुसत्या दोन प्रिंट काउंटरवर ठेवल्या. तिनेच शोधली आणि मोठ्याने हसली. "अगं बाई, ही तर होडी मागेच नेतेय! असू दे दादा, हाच द्या."

आता तिच्या उजवीकडे रांग संपते. तिला मध्ये ठेवून तीन जणी बसतच नाहीत, डावीकडे दोघी आणि उजवीकडे साडेतीन फूट रिकामं स्टेज, मग विंगेचा पडदा. तिला मध्ये आणायचा हट्ट सोडून मी तिला उजव्या कडेला ठेवलं आणि दोघी डावीकडे घेतल्या. नजर डावीकडे असल्याने ते चालून गेलं, तिच्या बघण्यासाठी समोर जागा राहिली. प्रश्न पडद्याचा होता. पडद्याच्या फटीतून पुढच्या पावनखिंडीच्या नाटकातला एक मावळा डोकावत होता. फेटा, काजळाने काढलेली मिशी, एक हात तलवारीच्या पुठ्ठ्यावर, आणि तोंड उघडं. तो चौकटीत घेतला तर फोटोला मजा येत होती, पण कोळणींच्या फोटोत मावळा कशाला हे आजीला समजावत बसावं लागलं असतं, आणि त्याच्या घरच्यांना मी ओळखतही नव्हतो. चौकट पडद्याच्या अलीकडेच थांबवली.

त्या मावळ्याचा स्वतःचा फोटो माझ्याकडे आहे, पुढच्या प्रवेशातला, तलवार उगारलेला, स्वच्छ उजेडातला. त्याचे पालक आले तर तो देईन. पण मला त्याचा विंगेतला जास्त आवडतो, आणि तो एकट्याचा कापून देता येत नाही. कोळणी काढून टाकल्या की तो तोंड उघडून कशाकडे बघतोय याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी त्या बाकीच्या सगळ्या ठेवाव्या लागतील, उलटं वल्हवणारीसुद्धा.